अप्रत्यक्ष प्रश्नातला शब्दक्रम: एरर स्पॉटिंगसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

धुळे, जळगाव, नंदुरबारच्या अभ्यासिकांमध्ये स्टाफ सिलेक्शन आणि बँकेच्या परीक्षांची तयारी करणारी मुलं इंग्रजीचा पेपर घेऊन येतात, तेव्हा एक शंका हमखास निघते: 'व्हेअर डझ ही लिव्ह' हे बरोबर, मग त्याच्याआधी 'कुड यू टेल मी' आलं की तेच चूक कसं? खालचे सगळे प्रश्न या एका शंकेभोवती फिरतात. उदाहरणातली इंग्रजी वाक्यं इथे देवनागरीत लिहिली आहेत. ती वहीत इंग्रजी लिपीत उतरवून घेतलीत, तर परीक्षेच्या पडद्यावर ओळखीची वाटतील.

अप्रत्यक्ष प्रश्न म्हणजे नेमकं काय?

एका वाक्याच्या पोटात बसलेला प्रश्न म्हणजे अप्रत्यक्ष प्रश्न. 'व्हेअर डझ ही लिव्ह?' हा थेट प्रश्न. तोच आपण 'कुड यू टेल मी', 'डू यू नो', 'आय वंडर', 'आय डोन्ट नो', 'लेट मी नो', 'ही आस्क्ड मी' अशा शब्दांच्या मागे ठेवला, की तो त्या मोठ्या वाक्याचा एक भाग होतो. आता त्याला स्वतंत्र प्रश्नाचा थाट राहत नाही.

नियम एवढाच: आतल्या भागात आधी प्रश्नार्थक शब्द, मग कर्ता, मग क्रियापद. म्हणजे साध्या विधानात जो क्रम असतो तोच. 'कुड यू टेल मी व्हेअर ही लिव्ह्ज?' यात क्रियापद कर्त्याच्या आधी आलंय ते फक्त बाहेरच्या भागात, 'कुड यू' इथे. प्रश्न विचारायचं काम तिथे झालं, आत ते पुन्हा करायचं नाही. बाहेरचा भाग विधान असला, म्हणजे 'आय डोन्ट नो व्हेअर ही लिव्ह्ज', तरी आतला क्रम हाच. मुलं बऱ्याचदा समजतात की बाहेर प्रश्न असेल तरच आतला क्रम सरळ होतो. तसं नाही. बाहेर काहीही असो, आत क्रम सरळच राहतो.

मराठीत असा काही बदल होत नाही, मग इंग्रजीतच का?

मराठीत 'तो कुठे राहतो?' हा प्रश्न आणि 'तो कुठे राहतो ते सांगाल का?' यातला आतला भाग, दोन्ही अगदी एकसारखे. शब्द जागचे हलत नाहीत. अहिराणीतही 'तो कथा जाई राहिना?' असं विचारताना कर्ता पुढेच असतो. आपल्या बोलण्यात थेट प्रश्नासाठी शब्दांची उलटापालट करावीच लागत नाही, त्यामुळे ती परत सुलट करायचा प्रश्नही येत नाही.

इंग्रजी शिकताना मात्र शाळेत आपल्याकडून 'व्हेअर डझ ही लिव्ह', 'व्हॉट इज युअर नेम', 'व्हेन विल यू कम' ही वाक्यं इतकी घोकून घेतलेली असतात की ती एकेक अख्खा शब्द असल्यासारखी तोंडात बसतात. पुढे 'कुड यू टेल मी' म्हणायची वेळ आली की आपण मराठीच्या सवयीने तो तयार तुकडा जसाच्या तसा मागे जोडतो. चूक इथे होते. इंग्रजीत उलटा क्रम हीच प्रश्नाची खूण आहे, म्हणून प्रश्न दुसऱ्या वाक्याच्या पोटात गेला की ती खूण काढून ठेवावी लागते.

याचा एक फायदाही आहे. शंका आली तर आतला भाग मराठीत म्हणा: 'तो कुठे राहतो'. कर्ता क्रियापदाच्या आधी आहे ना? मग इंग्रजीतही तो क्रियापदाच्या आधीच हवा. बाकी इंग्रजीसाठी मराठीचा आधार क्वचितच असा सरळ मिळतो, इथे मिळतो.

'डू', 'डझ', 'डिड' कुठे जातात?

ते निघून जातात, पण जाताना आपलं ओझं मुख्य क्रियापदावर टाकून जातात. हे ओझं विसरणं ही या विषयातली सगळ्यात फसवी चूक.

'व्हेअर डझ ही लिव्ह' यात एकवचनाची खूण 'डझ'वर आहे, म्हणून 'लिव्ह' कोरं राहिलंय. 'डझ' काढलं की ती खूण 'लिव्ह'वर यायला हवी: 'व्हेअर ही लिव्ह्ज'. 'व्हेन डिड द ट्रेन लीव्ह' यात भूतकाळ 'डिड'ने पेललाय. 'डिड' गेलं की 'व्हेन द ट्रेन लेफ्ट'. 'डू' असेल तर त्याच्याकडे दाखवण्यासारखं ओझं नसतं, म्हणून 'व्हेअर डू दे लिव्ह'चं नुसतं 'व्हेअर दे लिव्ह' होतं.

आता परीक्षेत हे कसं येतं ते पाहा. 'डू यू नो व्हेन डझ द लास्ट बस फॉर शिरपूर लीव्ह?' ही उघड चूक, बहुतेकांना दिसते. पण 'डू यू नो व्हेन द लास्ट बस फॉर शिरपूर लीव्ह?' असं दिलं की पुष्कळ जण पुढे सरकतात, कारण क्रम तर बरोबर आहे. इथे चूक क्रमात नाही, क्रियापदात आहे: 'लीव्ह्ज' हवं. तिसरा प्रकार 'व्हेन डझ द लास्ट बस लीव्ह्ज', म्हणजे 'डझ' तसंच ठेवून वर 'लीव्ह'ला प्रत्ययही लावलेला. त्यात दोन्ही दोष आहेत.

नकारात मात्र 'डझ' आणि 'डिड' राहतात, कारण नकारासाठी विधानातही त्यांची गरज असते. 'टेल मी व्हाय ही डिड नॉट कम' हे बरोबर आहे. 'डिड' दिसलं की लगेच चूक म्हणू नका. ते कर्त्याच्या आधी आहे की नंतर, हे बघा.

'इज', 'आर', 'विल', 'हॅज' असतील तर?

यांना काढायचं नसतं, फक्त कर्त्याच्या मागे न्यायचं असतं. 'व्हेन विल ही कम'चं 'व्हेन ही विल कम', 'व्हेअर हॅव दे गॉन'चं 'व्हेअर दे हॅव गॉन'. कर्ता 'ही', 'शी', 'दे' असा छोटा असेल तर कुणी चुकत नाही. अडचण कर्ता लांबला की सुरू होते.

'कॅन यू टेल मी व्हेअर इज द ऑफिस ऑफ द तालुका ॲग्रिकल्चर ऑफिसर?' हे वाक्य कानाला अगदी नीट वाटतं. दुरुस्त केलं की होतं: 'कॅन यू टेल मी व्हेअर द ऑफिस ऑफ द तालुका ॲग्रिकल्चर ऑफिसर इज?' शेवटी एकटं 'इज' लटकलेलं पाहून मुलांना हेच वाक्य चुकीचं वाटतं. पण बरोबर हेच आहे. कर्ता इथे फक्त 'ऑफिस' नाही, 'द ऑफिस'पासून 'ऑफिसर'पर्यंतचा सगळा शब्दसमूह कर्ता आहे, आणि 'इज' त्या सगळ्याच्या मागे जातं. 'इज'ला मध्येच 'ऑफिस'नंतर घुसवणं, म्हणजे 'व्हेअर द ऑफिस इज ऑफ द तालुका...', हेही चूक.

प्रश्न काढणाऱ्याला हे ठाऊक असतं. लांब कर्ता घेतला की प्रश्नार्थक शब्द आणि क्रियापद वाक्याच्या दोन वेगवेगळ्या तुकड्यांत टाकता येतात आणि वाचणाऱ्याची नजर निसटते. त्यावर उपाय म्हणजे कर्त्याच्या जागी मनात 'इट' किंवा 'ही' ठेवून वाचणं. 'कॅन यू टेल मी व्हेअर इज इट' लगेच खटकतं, 'व्हेअर इट इज' पटतं.

मग 'डू यू नो हू लिव्ह्ज हिअर?' यातला क्रम का बदलला नाही?

कारण इथे 'हू' स्वतःच कर्ता आहे. 'हू लिव्ह्ज हिअर?' या थेट प्रश्नातही कर्ता क्रियापदाच्या आधीच होता, उलटापालट झालीच नव्हती. मग सुलट काय करणार?

हीच गोष्ट 'व्हॉट हॅपन्ड', 'विच बस गोज टू चोपडा', 'हाउ मेनी स्टुडंट्स पास्ड', 'हूज फादर केम' यांची. यात प्रश्नार्थक शब्द, किंवा त्याला जोडलेलं नाम, कर्ता असतं. 'टेल मी विच बस गोज टू चोपडा' बिनचूक आहे. नियम नुकताच शिकलेला विद्यार्थी इथे उत्साहाने चूक दाखवतो, कारण 'विच बस'नंतर लगेच 'गोज' दिसतं आणि वाटतं की क्रियापद पुढे आलंय.

ओळखायचं कसं? थेट प्रश्न मनात तयार करा आणि त्यात 'डू', 'डझ', 'डिड' घालावं लागतं का ते बघा. 'विच बस डझ गो टू चोपडा' असं साध्या प्रश्नात कुणी म्हणत नाही, म्हणजे 'विच बस' कर्ता. उलट 'विच बस डिड ही टेक' यात 'डिड' लागतं, म्हणजे कर्ता 'ही' आहे आणि 'विच बस' कर्म. मग अप्रत्यक्ष प्रश्न होतो: 'टेल मी विच बस ही टूक'.

'टेल मी हू इज द कलेक्टर' की 'हू द कलेक्टर इज'?

या एका जागी इंग्रजीतच थोडी सूट आहे, म्हणून जरा थांबून पाहू या.

'हू' किंवा 'व्हॉट'नंतर 'इज', 'आर', 'वॉज' आणि त्यापुढे नाम आलं, की दोन्ही बाजू नामाच्याच असतात. 'हू' हा कर्ता आणि 'द कलेक्टर' ही त्याची ओळख, असंही धरता येतं. 'द कलेक्टर' कर्ता आणि 'हू' ओळख, असंही. पहिल्या अर्थाने 'टेल मी हू इज द कलेक्टर' चालतं, दुसऱ्या अर्थाने 'हू द कलेक्टर इज'. चांगल्या इंग्रजीत दोन्ही सापडतात. नाम लांबलचक असेल, 'व्हॉट आर द रीझन्स फॉर द डिले इन द पेमेंट ऑफ क्रॉप इन्शुरन्स' असं काही, तर क्रियापद पुढे ठेवलेलंच वाचायला सोपं जातं आणि लिहिणारे तसं लिहितातही. 'टेल मी व्हॉट इज राँग' हे तर पूर्ण बिनचूक आहे, कारण 'राँग' हे विशेषण, कर्ता 'व्हॉट'च.

सर्वनाम आलं की ही सूट संपते. 'आय नो हू इज ही' कधीच चालत नाही, 'हू ही इज'च हवं. 'व्हेअर', 'व्हेन', 'व्हाय', 'हाउ' यांनाही सूट नाही, कारण हे शब्द कर्ता होऊच शकत नाहीत.

परीक्षेत काय करायचं? आधी बाकीचे तुकडे तपासा. दुसरीकडे पक्की चूक मिळाली तर तीच उत्तर. बाकी सगळं स्वच्छ असेल आणि 'हू इज द' किंवा 'व्हॉट इज द' एवढंच उरलं, तर बहुतेक वेळा प्रश्न काढणाऱ्याला तिथेच चूक अभिप्रेत असते आणि त्याला 'हू द कलेक्टर इज' हवं असतं. मी मुलांना हे स्पष्ट सांगतो: हे परीक्षेच्या अपेक्षेबद्दल आहे, भाषेच्या सक्तीबद्दल नाही. दोन्हींत गल्लत केली तर पुढे चांगलं इंग्रजी वाचताना विनाकारण चुका दिसायला लागतात.

'व्हेअर डू यू थिंक ही लिव्ह्ज?' यात 'डू' मध्येच कसं आलं?

इथे मोठा प्रश्न 'डू यू थिंक' हा आहे. उलटा क्रम त्याचा, आणि तो त्याला मिळालेला आहे. 'व्हेअर' तेवढं पुढे ओढून वाक्याच्या तोंडाशी आणलंय. आतला भाग 'ही लिव्ह्ज' सरळच राहिला. म्हणून 'व्हेअर डू यू थिंक डझ ही लिव्ह' चूक, कारण त्यात उलटापालट दोनदा झाली.

'डू यू थिंक व्हेअर ही लिव्ह्ज' हेही चूक, आणि आपल्याकडे ही चूक फार होते. 'डू यू नो व्हेअर ही लिव्ह्ज' बरोबर असताना 'डू यू थिंक व्हेअर' का नाही? 'डू यू नो'चं उत्तर हो किंवा नाही असं येऊ शकतं: ठाऊक आहे किंवा नाही. 'तुला काय वाटतं, तो कुठे राहतो?' याला 'हो' असं उत्तर देता येत नाही, उत्तर जागेचं नाव असणार: अमळनेर, पाचोरा, काहीही. ज्याचं उत्तर हवंय तो प्रश्नार्थक शब्द सगळ्यात पुढे यावा लागतो. 'थिंक', 'सपोज', 'बिलीव्ह', 'सजेस्ट' यांच्याबाबतीत हे लक्षात ठेवा.

'हू डू यू थिंक इज राइट?' यात 'थिंक'नंतर थेट 'इज' आलेलं पाहून घाबरू नका. 'हू' कर्ता आहे आणि तो पुढे गेलाय, म्हणून मागे 'इज' एकटं दिसतं.

हो-नाही स्वरूपाचा प्रश्न असेल तर जोडायचं कशाने?

'इफ' किंवा 'व्हेदर'ने. 'हॅज द ट्रक लेफ्ट रावेर?' याचं 'फादर आस्क्ड द एजंट इफ द ट्रक हॅड लेफ्ट रावेर'. केळीचा ट्रक निघाला का, एवढंच विचारायचं होतं. मराठीत आपण 'ट्रक निघाला का असं विचारलं' म्हणतो. ते 'असं' किंवा 'की' इंग्रजीत 'दॅट' होऊन घुसतं आणि 'आस्क्ड दॅट व्हेदर' किंवा 'आस्क्ड दॅट व्हेअर' तयार होतं. 'दॅट' आणि प्रश्नार्थक शब्द असे शेजारी आले की 'दॅट' जादा. एरर स्पॉटिंगमध्ये हा तुकडा दिसला तर फार शोधत बसायची गरज नसते.

'इफ' आणि 'व्हेदर' बहुतेक ठिकाणी एकमेकांच्या जागी चालतात, पण निदान दोन जागी 'व्हेदर'च लागतं: 'अबाउट', 'ऑन'सारख्या शब्दयोगी अव्ययानंतर, आणि 'टू'सह येणाऱ्या क्रियापदाआधी. 'इट डिपेंड्स ऑन इफ इट रेन्स' चूक, 'ऑन व्हेदर इट रेन्स' बरोबर. 'आय डोन्ट नो व्हेदर टू गो' बरोबर, तिथे 'इफ' नाही.

वाक्याची सुरुवातच प्रश्नार्थक शब्दाने झाली असेल तर?

शेवटपर्यंत वाचल्याशिवाय ठरवू नका. 'व्हाय डिड ही लीव्ह द जॉब' इथपर्यंत वाचलं तर तो थेट प्रश्न वाटतो आणि बरोबरही वाटतो. पुढे 'इज नॉट नोन टू एनीवन' आलं, की कळतं हा सगळा भाग कर्ता म्हणून बसलाय. मग 'व्हाय ही लेफ्ट द जॉब इज नॉट नोन टू एनीवन' हवं. अशा कर्त्याला क्रियापद एकवचनी लागतं, आत अनेकवचनी नाम असलं तरी: 'व्हेअर द बॉइज वेंट इज नॉट नोन'.

'ही आस्क्ड मी'नंतर काळ बदलायचा का?

बाहेरचं क्रियापद भूतकाळी असेल तर आतलंही साधारणपणे एक पाऊल मागे जातं. 'ही आस्क्ड मी व्हेअर डू आय लिव्ह' याची दुरुस्ती 'व्हेअर आय लिव्ह्ड'. गोष्ट आजही तशीच असेल तर आतला वर्तमानकाळ चालू शकतो, त्यामुळे फक्त काळावर चूक ठरवायला जपून. क्रमाची चूक मात्र कुठल्याही काळात चूकच.

अवतरणचिन्हात प्रश्न असेल तर?

तिथे बोलणाऱ्याचे मूळ शब्द असतात, म्हणून क्रम उलटाच राहतो. 'ही आस्क्ड' नंतर स्वल्पविराम आणि अवतरणचिन्ह असेल तर आत 'व्हेअर डू यू लिव्ह?' अगदी बरोबर. म्हणून चिन्हं नजरेआड करू नका. प्रश्नचिन्हाचं म्हणाल तर ते बाहेरच्या वाक्याचं असतं: 'डू यू नो व्हेअर ही लिव्ह्ज' याला प्रश्नचिन्ह, 'आय वंडर व्हेअर ही लिव्ह्ज' याला पूर्णविराम.

चूक कळली, पण दुरुस्तीत दोन तुकडे बदलतात. मग खूण कुठे करायची?

हा प्रश्न सगळ्यात कामाचा आहे, कारण नियम येत असूनही इथे गुण जातात. स्टाफ सिलेक्शनच्या सीजीएल परीक्षेच्या पहिल्या टप्प्यात इंग्रजीचे 25 प्रश्न असतात, प्रत्येकी 2 गुण, आणि चुकीच्या उत्तराला अर्धा गुण कापतात. नियम ठाऊक असून तुकडा चुकला तर अडीच गुणांचा फरक पडतो.

एक वाक्य घेऊ. पहिला तुकडा 'कॅन यू टेल मी', दुसरा 'व्हाय डिड द ट्रेन फ्रॉम भुसावळ', तिसरा 'अराइव्ह सो लेट', चौथा 'यस्टर्डे मॉर्निंग', आणि पाचवा पर्याय 'नो एरर'.

पहिला तुकडा पाहा. बाहेरचा प्रश्न, 'कॅन यू', ठीक. पण इथेच सावध व्हा: 'टेल मी'नंतर प्रश्नार्थक शब्द येणार, म्हणजे पुढे सरळ क्रम अपेक्षित. दुसऱ्या तुकड्यात 'व्हाय' आलं आणि लगेच 'डिड'. कर्ता 'द ट्रेन फ्रॉम भुसावळ' त्याच्या मागे. क्रम मोडला. तिसऱ्या तुकड्यात 'अराइव्ह'. दुरुस्त वाक्य होईल: 'कॅन यू टेल मी व्हाय द ट्रेन फ्रॉम भुसावळ अराइव्ह्ड सो लेट यस्टर्डे मॉर्निंग'. म्हणजे दुसऱ्या तुकड्यातून 'डिड' गेलं आणि तिसऱ्यात 'अराइव्ह'चं 'अराइव्ह्ड' झालं.

उत्तर दुसरा तुकडा. चूक 'डिड' काढायचं राहून गेल्याने झाली आहे. 'अराइव्ह' तसं राहिलंय ते फक्त 'डिड' असल्यामुळे. तिसरा तुकडा वेगळा काढून पाहिला तर त्याची स्वतःची चूक नाही. जो शब्द आगंतुक आहे तो जिथे बसलाय, तो तुकडा निवडायचा. उलट दुसरा तुकडा 'व्हाय द ट्रेन फ्रॉम भुसावळ' असा स्वच्छ असता आणि तिसरा 'अराइव्ह सो लेट' असता, तर उत्तर तिसरा, कारण तेव्हा भूतकाळाची खूण कुठेच उरत नाही.

'इज', 'विल' यांच्या बाबतीतही असंच. 'व्हेअर इज' एका तुकड्यात आणि उरलेला कर्ता पुढच्या तुकड्यात असेल, तर 'इज' जिथे छापलंय तोच तुकडा निवडा, ते शेवटी जायला हवं म्हणून शेवटचा नाही.

इंग्रजी बोलणारेही 'आय आस्क्ड हिम डिड ही नो' म्हणताना ऐकले आहेत. ते चुकतात का?

आयर्लंडच्या बोलीत हा उलटा क्रम रूढ आहे आणि तिथे तो नैसर्गिक आहे. भारतीय इंग्रजीतही बोलताना तो सर्रास ऐकू येतो, आणि समोरच्याला अर्थ लगेच कळतो. आपली परीक्षा मात्र लेखी प्रमाण इंग्रजीची असते, तिथे हा क्रम चूक धरतात. बोलण्यातली सवय आणि पेपरमधलं उत्तर हे वेगळे ठेवता आले पाहिजेत. ज्याची बोली अहिराणी आणि लिहायची भाषा प्रमाण मराठी आहे, त्याला हे वेगळेपण मुद्दाम समजावून सांगावं लागत नाही.

प्रश्नार्थक शब्द नसताना आत उलटा क्रम दिसला तर ती चूक समजायची का?

सरसकट नाही. 'ही सेड दॅट नेव्हर हॅड ही सीन सच अ फ्लड' यात 'नेव्हर' पुढे आलं म्हणून क्रम उलटला आहे, तो वेगळा नियम. 'नो सूनर', 'हार्डली', 'नॉट ओन्ली' वाक्याच्या तोंडाशी आले की हेच होतं. या पानावरचा नियम फक्त आत दडलेल्या प्रश्नाला लागतो.

सरावासाठी काही वाक्यं द्याल का?

द्यायची तर अशी, ज्यात एकसुद्धा दुसऱ्यासारखं सुटत नाही.

'द कंडक्टर कुड नॉट टेल अस विच ऑफ द टू बसेस गोज टू शहादा व्हाया दोंडाईचा.' यात चूक नाही. 'विच ऑफ द टू बसेस' हा कर्ता आहे, 'गोज' एकवचनी आहे तेही बरोबर, कारण दोनपैकी एक.

'नोबडी इन द व्हिलेज नोज हाउ ओल्ड इज द वेल बिहाइंड द टेंपल.' चूक आहे. 'हाउ ओल्ड' कर्ता नाही. 'हाउ ओल्ड द वेल बिहाइंड द टेंपल इज' हवं. 'हाउ'नंतरचं विशेषण त्याला चिकटूनच राहतं, 'हाउ द वेल इज ओल्ड' होत नाही.

'व्हॉट डू यू सपोज डिड द ट्रेडर्स पे फॉर द कॉटन?' चूक 'डिड'मध्ये. 'व्हॉट डू यू सपोज द ट्रेडर्स पेड फॉर द कॉटन?' पहिलं 'डू' जागेवर आहे, त्याला हात लावू नका.

'शी वॉन्टेड टू नो व्हाय आय हॅड नॉट फिल्ड द फॉर्म बिफोर द लास्ट डेट.' निर्दोष. 'हॅड' कर्त्याच्या मागे, नकार त्याच्या मागे.